रीरायटरने एआयचा आकडा उतरवला, मग गैरप्रकार कुठे उरला?

पूर्वभाग: एम.कॉम.चा लघुप्रबंध करतेय. विषय आहे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेल कारखान्यांतले कामगार. दुसरं प्रकरण, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं. कॉलेजच्या रिपोर्टमध्ये एआय 62 टक्के आलं. मैत्रिणीने ते एका रीरायटिंग टूलमधून काढून दिलं, आता त्याच टूलच्या तपासणीत 9 दाखवतंय. जमा करायला पंधरा दिवस आहेत. आकडा दहाच्या आत आला, तरी हा गैरप्रकारच का म्हणतात?

बाळीवेस: काही होत नाही, जमा कर. यूजीसीच्या 2018 च्या नियमात 10 टक्क्यांपर्यंत शिक्षाच नाही. 10 ते 40 असेल तर सुधारून परत द्यायचं, तेही जास्तीत जास्त सहा महिन्यांत. त्याच्या वर गेलीस तर अवघड. तू 9 वर आहेस, विषय संपला की.

ग्रंथपाल: बाळीवेस, टक्के बरोबर सांगितलेत, पण ते भलत्याच गोष्टीला लावलेत. ते टप्पे साम्याचे आहेत, म्हणजे दुसऱ्याच्या छापील मजकुराशी आपला मजकूर किती जुळतो त्याचे. नियम झाले तेव्हा चॅटजीपीटी आलंच नव्हतं. एआयच्या आकड्याला त्यात दहाची सूट कुठेच नाही. शिवाय हे टप्पे प्रबंध आणि लघुप्रबंधासाठी आहेत. नुसता प्रोजेक्ट रिपोर्ट किंवा असाइनमेंट असेल तर ती त्यातून वगळलीय, तिथे कॉलेजचा नियम बघायचा.

पूर्वभाग, आता तुझं. त्याच नियमांत एक हमीपत्र आहे. हे लेखन मी तयार केलंय, ते माझं मूळ काम आहे, असं लिहून खाली सही करायची. गाईडनाही तसंच प्रमाणपत्र द्यावं लागतं. तुझी सही होणार ती या वाक्याखाली. रिपोर्ट 62 चा असो की 9 चा, प्रकरण तू लिहिलेलं नाहीस ही गोष्ट तशीच राहते. उलट रीरायटर वापरल्याने एक भर पडते. आधी म्हणता आलं असतं की नियम नीट माहीत नव्हता. आकडा उतरवायला मजकूर मुद्दाम फिरवला म्हटल्यावर लपवायचा हेतू दिसतो, आणि चौकशीत हेतूही बघितला जाऊ शकतो.

तो 9 चा आकडाही धरून चालू नकोस. तो टूल विकणाऱ्याच्याच तपासणीतला आहे. टर्निटिन हे कॉलेजांतलं तपासणीचं सॉफ्टवेअर आता एआयने लिहून मग टूलने फिरवलेला मजकूर वेगळा दाखवायचा प्रयत्न करतं.

रात्रपाळी: थांबा. मी दिवसा नोकरी करून रात्री एमबीएचा प्रबंध लिहिला, एक ओळही मशीनची नव्हती. तरी 41 आलं. माझं इंग्रजी साधं, वाक्यं छोटी, शाळा मराठी माध्यमाची. गाईड म्हणाले, "आकडा खाली आणा, बाकी मला माहीत नाही." मी रीरायटरमधून काढलं, 8 आलं, पास झालो. मी चोर काय? स्टॅनफर्डच्या लोकांनी 2023 मध्ये दाखवलंय की परभाषिकांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले निबंध हे डिटेक्टर सरासरी निम्म्याहून जास्त वेळा एआयचे ठरवतात. ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये बंद केला. वजनकाटाच खोटा असेल तर मापात पाप कुणाचं?

ग्रंथपाल: तुमचं ते इंग्रजीचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. टर्निटिन स्वतःसुद्धा 20 च्या खालचा आकडा देत नाही, तिथे नुसती चांदणी येते, कारण त्या पट्ट्यात चुका जास्त होतात. फक्त त्या आकड्यावर कुणालाही दोषी धरू नये असंच माझं मत आहे. म्हणून तर म्हणतोय, आकडा हा गुन्हाही नाही आणि निर्दोषपणाचा दाखलाही नाही.

तुमच्याकडे कच्चे मसुदे होते, बदलांचा इतिहास होता. तो दाखवून "माझी तोंडी परीक्षा घ्या" म्हणता आलं असतं. रीरायटरमधून काढल्यावर तुमचाच पुरावा बिघडला, कारण जमा झालेली वाक्यं आता तुमच्या मसुद्याशी जुळत नाहीत.

निवृत्तशिक्षक: म्हणजे आता शुद्धलेखन तपासणंही बंद का? आमच्या वेळी प्रबंध दुसऱ्याकडून तपासून घ्यायचो. मुलांना इंग्रजी सुधारायला काही साधन नको का?

ग्रंथपाल: सर, प्रश्न तो नाही. स्वतः लिहिलेल्या वाक्याचं व्याकरण दुरुस्त करून घेणं बहुतेक ठिकाणी चालतं, फक्त वापरलं तर नोंदवावं आणि गाईडना आधी विचारावं. इथे मुळात लिहिलेलंच नाही, आणि टूल वापरलंय ते ओळखू येऊ नये म्हणून.

पूर्वभाग, एक कर. फिरवलेलं प्रकरण उघड आणि "पाइल वार्प" कुठे आलंय ते शोध.

पूर्वभाग: शोधलं. "हीप डिस्टॉर्शन" झालंय. "रीड"चं "ग्रास" केलंय. एका ठिकाणी "वार्प ब्रेकेज"चं "ट्विस्ट फ्रॅक्चर". माझे वडील टेरीच्या मागावर आहेत. फणी म्हणजे गवत, हे त्यांना कसं सांगू?

ग्रंथपाल: तुझ्या घरातलं माणूस ज्याला रोज हात लावतं, ते टूलला कळत नाही. टेरीला दोन बीम लागतात, एक जमिनीच्या ताण्याचा आणि एक कापडावर फासे उठवणाऱ्या ताण्याचा. टूल फक्त समानार्थी शब्द शोधतं. "पाइल" म्हणजे ढीग, "वार्प" म्हणजे वाकडं होणं, म्हणून ढिगाचं वाकडं होणं. फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये अशा शब्दांना टॉर्चर्ड फ्रेजेस, म्हणजे पिळवटलेले शब्दप्रयोग, म्हटलं. "आर्टिफिशियल इंटेलिजन्स"चं "काउंटरफीट कॉन्शसनेस" झालेले शोधनिबंध त्यांना छापून आलेले सापडले. या शब्दांवरूनच असे निबंध पुढे हुडकता येऊ लागले. म्हणजे आकडा उतरला, पण खूण मागे राहिली, आणि ती कोणत्याही डिटेक्टरपेक्षा ठसठशीत आहे. परीक्षक कापडाच्या धंद्यातला निघाला तर पहिल्याच पानावर थांबेल.

आता संदर्भ तपास. प्रत्येक संदर्भाचा मूळ लेख उघडून बघ.

पूर्वभाग: काही सापडत नाहीत. एक सापडला, पण त्यात मजुरीबद्दल काहीच नाही, लेख निर्यातीवर आहे.

ग्रंथपाल: मग हे प्रकरण टाकूनच द्यावं लागेल. पंधरा दिवस पुरतात, पण मोठा आढावा करू नकोस. खरोखर वाचता येतील असेच लेख घे, सात-आठ पुरे. प्रत्येकाचं अर्ध्या पानाचं टिपण तुझ्या मराठीत, नाहीतर घरी तेलुगू असेल तर तेलुगूत काढ: त्याने काय विचारलं, कुठे पाहिलं, काय सापडलं, आणि तुझ्या कामगारांना ते लागू होतं का. मग टिपणं समोर ठेवून साध्या इंग्रजीत लिही. गुगल डॉक्समध्ये लिहिलंस तर बदलांचा इतिहास आपोआप राहतो.

चॅटजीपीटीकडून लेख शोधायला मदत घ्यायची असेल तर गाईडना आधी विचार. ते हो म्हणाले तर पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिही: कोणतं साधन, कोणत्या महिन्यात, कशासाठी, आणि मजकूर स्वतः लिहिला. वेळ कमी पडत असेल तर आत्ताच अर्ज करून मुदत माग. मुदतवाढीचा अर्ज कुणाच्या नोंदीत डाग म्हणून राहत नाही.

बाळीवेस: सगळे करतात, ही एकटीच का भोगेल?

रात्रपाळी: बाळीवेस, हिचं प्रकरण वेगळं हे मला पटलं, हिने लिहिलंच नव्हतं. पण ग्रंथपाल, माझ्यासारख्याचं काय? गाईड मसुदा बघायलाच तयार नाहीत, त्यांना फक्त आकडा हवा. तोंडी परीक्षा माग म्हणता, मागायची कुणाकडे?

ग्रंथपाल: लेखी मागा, मसुद्यांसकट, विभागप्रमुखांकडे. त्यांनीही ऐकलं नाही तर कॉलेजच्या शैक्षणिक सचोटी समितीकडे. विभागात आणि संस्थेत अशा समित्या असाव्यात असं 2018 च्या नियमांतच आहे. तुमच्या कॉलेजात ती कागदावर आहे की खरंच बसते, ते मी सांगू शकत नाही.

रात्रपाळी: आमच्याकडे ती कधी बसलेली ऐकली नाही.

पूर्वभाग: उद्या गाईडना भेटते. फिरवलेली प्रत डिलीट करू का आधी?

ग्रंथपाल: डिलीट करू नकोस. मूळ, फिरवलेली आणि 62 चा रिपोर्ट, तिन्ही घेऊन जा. काय केलंस ते त्यांना तुझ्याच तोंडून आधी कळू दे. नवीन प्रकरणाची पहिली दोन टिपणंही सोबत ठेव.