रोजच्या पोहण्यासाठी गॉगल सुचवा, चार महिन्यांतला तिसराही गळतो आहे

काठावरचा
मी रोज सकाळी साधारण एक किलोमीटर पोहतो. चार महिन्यांत तीन गॉगल झाले. पहिला तीनशे रुपयांचा होता आणि आताचा बाराशेचा आहे, तरीही डाव्या डोळ्यात पाणी शिरते आणि दहा मिनिटांत काचा धूसर होतात. पट्टा मी पुरेसा घट्ट करतो, त्यामुळे तो दोष नाही. गॉगल कसा निवडावा यावरचे लेख वाचून झाले आहेत. कृपया थेट मॉडेलचे नाव सांगावे.

तारकर्लीकर
गळतीचे मला ठाऊक नाही, पण धूसरपणावर खात्रीचा उपाय आहे. काचेला आतून पांढरी टूथपेस्ट लावून बोटाने नीट घासावी आणि धुऊन टाकावी. आम्ही स्कूबाचा प्रत्येक नवा मास्क असाच तयार करतो आणि तो पाण्याखाली तासभर स्वच्छ राहतो.

लांबपल्ला
तारकर्लीकर, आपला उपाय स्कूबाच्या मास्कला योग्य आहे, कारण त्याची काच खरी काच असते आणि नवेपणी तिच्यावर आलेला सिलिकॉनचा थर घासून काढावाच लागतो. पोहण्याच्या गॉगलची ‘काच’ प्लॅस्टिकची असते आणि तिच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब न होऊ देता पाणी सपाट पसरवणारा पातळ लेप असतो. टूथपेस्टने तो लेपच खरवडला जाईल, म्हणून हा प्रयोग कृपया करू नये.

काठावरचा, मॉडेल सांगण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. पाणी नाकाकडच्या कोपऱ्यातून येते की कानाकडच्या? सतत झिरपते की भिंतीला पाय मारून निघाल्यावर एकदम येते? नाकावरची पट्टी बदलता येते का? आणि काचा धूसर झाल्यावर आपण नेमके काय करता?

काठावरचा
नाकाकडून येते आणि बहुतेक वेळा भिंतीपासून निघाल्यावरच. नाकावरची पट्टी गॉगलला अखंड जोडलेली आहे. धूसर झाले की प्रत्येक फेरीला काठावर थांबून अंगठ्याने आतून पुसतो. सगळेच पुसतात. मॉडेल?

बलभीम_७१
पट्टा आणखी दोन घरे ओढा. मी गेली तीस वर्षे एकाच प्रकारचा गॉगल वापरतो आणि डोळ्यांभोवती वळ उठल्याशिवाय पोहलो असे मला वाटतच नाही. हल्लीच्या लोकांना सैल गॉगल हवा आणि पाणीही यायला नको!

लांबपल्ला
बलभीम, पट्टा फार सैल असेल तर भिंतीपासून निघताना पाण्याच्या झोताने गॉगल सरकतो, इतके आपले म्हणणे बरोबर आहे. मात्र कड मुळात चेहऱ्यावर बसतच नसेल, तर पट्टा ओढल्याने मऊ सिलिकॉन एका बाजूला चेपते आणि दुसऱ्या बाजूला उचलले जाते. पाणी अडवण्याचे काम डोळ्याच्या खोबणीभोवती टेकलेली कड करते. पट्ट्याने तिला फक्त जागेवर धरून ठेवायचे असते.

काठावरचा, उद्या कोरड्या चेहऱ्यावर, पट्टा डोक्यामागे न घेता, एकेक काच खोबणीत हलकेच दाबून सोडून द्या. ती दोन-तीन सेकंद आपणहून चिकटून राहिली तर आकार जमला असे समजावे. लगेच पडली तर किंमत कितीही असो, तो गॉगल आपल्या चेहऱ्याचा नाही. दुकानातही हीच परीक्षा घ्यावी, अर्थात दुकानदार डबी उघडू देत असेल तर.

सायली_ठाणे
माझा नंबर उणे साडेचार आहे आणि मी नंबरचा तयार गॉगल वापरते. हे गॉगल अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यांत मिळतात, परंतु सिलिंडर नंबर त्यांत नसतो आणि पुष्कळदा दोन्ही डोळ्यांना एकच नंबर घ्यावा लागतो. काही जण त्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स घालून पोहतात, ते मात्र टाळावे. पाण्यातल्या जंतूंमुळे डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो.

काठावरचा
सायलीताई, मला नंबर नाही.
लांबपल्ला, परीक्षा केली. उजवी काच चिकटून राहिली, डावी लगेच हातात आली. पण परवा अंघोळीनंतर सहज लावून पाहिली तेव्हा डावीसुद्धा क्षणभर टिकली होती. क्लोरीनने त्वचा फार कोरडी पडते, म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी मी चेहऱ्याला खोबरेल तेल लावतो. त्याचा काही संबंध आहे का?

लांबपल्ला
हे आपण चौथ्या दिवशी सांगत आहात! तेलकट त्वचेवर सिलिकॉनची कड घसरते, आणि तेच तेल अंगठ्यावरून काचेच्या आत जाऊन लेप निकामी करते. आपण लेप तेलाने माखून वर घासत होतात, तेव्हा बाराशेचा गॉगलही तीनशेच्यासारखाच वागणार. तेल पोहून आल्यावर लावा. उतरण्याआधी लावायचेच असेल, तर डोळ्यांभोवतीचे बोटभर वर्तुळ कोरडे सोडा.

तरीही दोन्ही डोळ्यांत फरक उरतोच आहे. नाकाकडून गळते तेव्हा बहुधा नाकावरची पट्टी आपल्या मानाने रुंद असते. दोन्ही काचा बाहेर ओढल्या जाऊन आतला कोपरा उघडा पडतो. कानाकडून गळते तेव्हा उलट, पट्टी अरुंद असते. त्यामुळे मॉडेलच हवे असेल, तर ज्याच्या डबीत नाकासाठी लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन पट्ट्या येतात असे कोणतेही घ्या आणि सर्वांत लहान पट्टीपासून सुरुवात करा.

दोरीवाला
तीन मापांवर अडायचे तरी कशाला? स्वीडिश गॉगल घ्यावा. त्याला सिलिकॉनची कडच नसते, आणि नाकावर दोरी आपण स्वतः बांधायची असल्यामुळे अंतर मिलिमीटरभरही कमी-जास्त करता येते.

सायली_ठाणे
मी तो आठ दिवस वापरला. नुसते प्लॅस्टिक हाडावर टेकते. माझ्या भुवईखाली दुखत राहिले आणि शेवटी तो भाचीला दिला. काहींना सवय होते, मला झाली नाही.

काठावरचा
रंगाचेही सांगून टाका. आताचा आरशासारखा गडद आहे. तलाव उघडा आहे, म्हणून तोच घेतला.

लांबपल्ला
उघडा तलाव, पण किती वाजता?

काठावरचा
सकाळी सहाची बॅच.

लांबपल्ला
मग थंडीत निम्मा वेळ अंधारच असणार. त्या वेळी गडद काचेतून तळाची काळी रेघ आणि समोरची भिंत उशिरा दिसते, आणि वाफ धरली नसतानाही धूसर वाटते. सहाला पारदर्शक किंवा फिकट निळी काच पुरते. आरशाची काच दुपारी पाठीवर पोहताना सूर्य थेट डोळ्यांवर येतो तेव्हा उपयोगी पडते.

तारकर्लीकर
टूथपेस्ट राहू द्या, पण लेप गेल्यावर काय करायचे ते तरी सांगा. आम्ही थुंकी लावतो.

लांबपल्ला
थुंकी चालते. मी लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब पाण्यात मिसळून आत फिरवतो आणि लगेच विसळतो. विसळणे राहिले तर डोळे चुरचुरतात. लेप शाबूत असेल तोवर साध्या पाण्यात बुडवून, झटकून, सावलीत वाळवावे आणि आत बोट लावूच नये.

काठावरचा
नऊ दिवसांनी लिहितो आहे. पारदर्शक काचेचा, सुट्या पट्ट्यांचा गॉगल घेतला. सर्वांत लहान पट्टीने नाकाचे हाड दुखले, मधली बसली. पट्टा दोन घरे सैल केला आणि मानेवरून उचलून डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, दोन्ही पदर बोटभर अंतराने, ठेवला. तेल बंद आहे. डाव्या डोळ्यात पाणी येत नाही. मात्र पंचविसाव्या मिनिटाला काचा अजून धूसर होतात.

बलभीम_७१
पट्टा सैल केलात ना, म्हणून.

लांबपल्ला
त्याचा धूसरपणाशी संबंध नाही. काठावरचा, पट्टा टोपीच्या खालून घेता की वरून? आणि मध्ये थांबता तेव्हा गॉगल कपाळावर चढवून ठेवता का? घामेजलेल्या कपाळाची वाफ तिथेच आत जमते.

काठावरचा
टोपीच्या वरून. आणि हो, कपाळावरच चढवतो.