मदत हवी आहे: रोजच्या अर्ध्या तासात अंतिम खात्यांचं गणित कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ एका बर्फ कारखान्यात हिशेब लिहिते आणि मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करतेय. पहाटे बोटी लागल्या की फोन सुरू, रात्री जेवणं आवरली की डोळे मिटतात. हक्काचा वेळ एकच, संध्याकाळी साडेसहा ते सात.

थिअरीचं जमतं. पहिली पाच मिनिटं कालचं न बघता कागदावर लिहायचं, मग पुढची दोन-तीन पानं. अडतं ते अंतिम खात्यांत. व्यापार खातं, नफा-तोटा खातं आणि ताळेबंद मिळून पाऊण तास तरी जातो, म्हणून गणित तीन दिवसांत वाटलं. पण प्रत्येक समायोजन दोन ठिकाणी जातं. अखेरचा साठा पहिल्या दिवशी व्यापार खात्यात जमेला घेतला, की तिसऱ्या दिवशी ताळेबंदात मालमत्तेकडे राहून जातो आणि फरक नेमका तेवढ्याच रकमेचा येतो.

आता पहिल्या दिवशी फक्त समायोजनांची दोन्ही ठिकाणं लिहिते. उदाहरणार्थ, यंत्रावरचा घसारा ८०० रुपये: नफा-तोट्याला नावे, ताळेबंदात यंत्रातून वजा. ताळेबंद जुळतो, पण एका गणिताला चार दिवस लागतात आणि परीक्षेतला वेग येत नाही. रविवारीही बंदर चालूच असतं.

नोकरी करून हा पेपर दिलेल्यांना विचारते: अख्खं गणित सलग, घड्याळ लावून किती दिवसांनी सोडवायचात? आणि तो जादा वेळ कुठून काढलात?