शब्दचर्चा : हळूहळू संपलेल्या प्रेमाला काय म्हणायचं?

सांजवेळ : लग्नाआधीची धरून बरीच वर्षं आम्ही एकत्र आहोत. भांडण नाही, तिसरं माणूस नाही. पूर्वी दारात किल्ली वाजली की मी स्वयंपाकघरातून बाहेर यायचे. आता किल्ली वाजली की न्हाणीघरात जाऊन उगाच नळ सोडून बसते. तो अजूनही रात्री माझा फोन आठवणीने चार्जिंगला लावतो, आणि ते पाहून मला रडू येतं. एकदा तरी त्याला सांगायचंय. 'मन उडालं' म्हणू, की 'वीट आला'?

बोरकाठी : ताई, विरह म्हणा. मराठी कवितेत विरहाच्या कितीतरी छटा सापडतील.

सांजवेळ : अहो, विरहात माणूस लांब असतं आणि ओढ असते. इथे माणूस शेजारी आहे, ओढच गेलीय.

तात्या_पुणे : मग 'वीट आला' हाच शब्द बरोबर. अतिपरिचयात् अवज्ञा! रोज आमरस वाढला तर त्याचाही वीट येतो.

मोडीवाचक : तात्या, निम्मं पटलं. वीट अतिरेकाचा येतो. थोडे दिवस ती गोष्ट समोरून हलवली की जातोही. शिवाय त्यात किळसेची छटा आहे, 'उबग'मध्ये तर जास्तच. ज्याने फोन चार्जिंगला लावला त्याला हे ऐकवलं तर 'मी काय केलं?' असंच तो विचारणार. 'मनातून उतरलास' तर मुळीच नको, कारण त्यात त्याने काहीतरी हलकं वागल्याचा आरोप येतो. 'मन उडालं' सौम्य आहे, पण ते बहुधा एखाद्या धक्क्यानंतर म्हणतात. मुलगा गेला आणि संसारावरचं मन उडालं, असं. तुमच्याकडे तसा दिवस दाखवता येतो का?

सांजवेळ : नाही. तेच तर कळत नाही. कधी झालं ते सांगता येत नाही, म्हणून मीच खोटी वाटते स्वतःला.

मोडीवाचक : मग नाम शोधू नका, क्रियापद घ्या. 'आवडेनासा झाला.' दिसेनासा, सुचेनासं, जेवण जाईनासं : ही रूपं आधी होतं ते हळूहळू थांबलं, एवढंच सांगतात. 'आवडत नाही' म्हटलं की कधीच आवडला नव्हता असाही अर्थ निघू शकतो. 'आवडेनासा झाला' म्हणताना पूर्वी आवडत होता, हे कबूल करावंच लागतं. तुम्हाला त्याच्यासाठी रडू येतं ते बहुतेक त्या पूर्वीच्या भागाचं असावं.

रानजाई : पण 'तो बोलेनासा झाला' म्हणतो तेव्हा त्याने ठरवलेलंही असू शकतं ना? म्हणजे हे रूप नेहमीच निर्दोष नाही.

मोडीवाचक : खरंय. बोलणं, येणं यांत इच्छा घुसते. आवडणं, दिसणं, सुचणं यांत कमी. 'मला आवडतो' मध्ये 'मला' आहे, 'मी' नाही. तरी तुमचा मुद्दा राहतोच : किल्ली वाजल्यावर नळ सोडणं हे 'होणं' की 'करणं'?

सांजवेळ : करणंच असावं. मागे कामासाठी तो आठवडाभर नाशिकला होता. पहिले दोन दिवस इतकं हलकं वाटलं की लाज वाटली. मग त्याच्या गैरहजेरीत त्याचा शर्ट इस्त्री करताना रडले. हे कसलं?

रानजाई : हलकं वाटलं म्हणजे तो 'नकोसा' झालाय. नकोसा आणि आवडेनासा यांत फरक आहे. माझ्या बाबतीत नकोसा आधी आला आणि मी सगळ्यांना 'दुरावा आला' असं सांगत राहिले, कारण दुरावा दोघांच्या मधे असतो, एकाच्या अंगावर येत नाही. ती पळवाट होती. नवऱ्याला वाटलं, बसून बोललो की दुरावा भरून निघेल. आम्ही बोलत बसलो, बराच काळ. माझ्याकडे भरायला काही उरलं नव्हतं, हे मी कुणालाच सांगितलं नाही.

तात्या_पुणे : आमच्या पिढीत 'सवय झाली' म्हणायचे. आमची तर चाळीस वर्षं झाली, काही अडलं नाही.

रानजाई : तात्या, सवयीत माणूस किल्लीच्या आवाजाला पळत नाही.

मोडीवाचक : नाशिकच्या आठवड्यातल्या रडण्याला मी 'चुटपुट' म्हणेन. हातून काहीतरी निसटल्याची ती सल असते. 'हुरहुर' लागली असती तर काही परत यावं असं वाटलं असतं. तुम्हाला कोणती होती, हे बाहेरून कुणी ठरवू शकत नाही.

सांजवेळ : दोन्ही असावी, वेगवेगळ्या वेळी. 'तू आवडेनासा झालायस' हे तोंडाने म्हणून पाहिलं, एकटीने. त्याच्या पुढे तो 'का' विचारेल, आणि या वाक्यात 'का' बसतच नाही.

बोरकाठी : मी मूळ प्रश्न चुकीचा वाचला होता. पण 'का' विचारला तर 'कळेनासं झालंय' म्हणता येईल की. तेच रूप आहे.

रानजाई : म्हणता येईल. त्याला ते पुरेल का, ते वेगळं.