प्रतिसाद: विचारावं की गृहीत धरावं?

> गिऱ्हाईक नुसता फोटो पाठवून ‘जरा बघा ना’ म्हणतं. विचारायचं की कामाला लागायचं?

चूक झाली तर किती महागात पडेल, ते आधी बघा. फोटोत काय दिसतंय एवढंच सांगायचं असेल तर बेधडक सांगून टाका, चुकलं तर दोन मिनिटं गेली. रिटचिंगचं तसं नाही.

माझ्याकडे एका आजोबांचा जुना कृष्णधवल फोटो आला होता. गालावर ठिपके. मला वाटलं फोटोला बुरशी लागली, म्हणून तीन तास बसून चेहरा गुळगुळीत केला. नातू म्हणाला, “अहो, ते देवीचे व्रण होते!” आणि त्याला हवं होतं भलतंच: मागच्या पाटीवरची अक्षरं वाचून. बरं, दुरुस्ती वेगळ्या लेअरवर होती, म्हणून मूळ स्कॅन तरी शाबूत राहिला.

खरं तर बुरशी चेहऱ्याची हद्द पाळत नाही, फोटोतल्या कोटावर आणि मागच्या पडद्यावरही पसरते. इथे ठिपके फक्त कातडीवर होते. तिथेच थांबायला हवं होतं.

आता एकच प्रश्न पाठवतो: “डाग काढू, की पाटीवरचं वाचून सांगू?” ‘काय करू?’ विचारलं की उत्तर येतं, “तुम्हीच बघा.”