भिंतीआड गेल्यावर लागलेली गोळी: सर्व्हरने काळ मागे न्यावा का?

कोपऱ्यातला_बाळ्या: आमचा काउंटर-स्ट्राइक: सोर्सचा घरगुती सर्व्हर मुंबईत आहे. माझा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ, २० मिलिसेकंद, जर्मनीतल्या चुलतभावाचा १५०. मी भिंतीआड पोचलेला असतो, तरी त्याच्या गोळीने मरतो. माझं मत सरळ आहे. गोळी सर्व्हरवर पोचेल त्या क्षणी कोण कुठे आहे तेवढंच बघावं. पिंग ज्याचा जास्त, त्याने सोसावं. पटतंय का?

टिकटिक: नाही. तो तुला शिळाच बघतोय. सर्व्हरने पाठवलेली तुझी जागा त्याच्यापर्यंत पोचायला ७५ मिलिसेकंद लागतात. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून त्याचा गेम ती आणखी १०० मिलिसेकंद उशिरा दाखवतो. त्याने ट्रिगर दाबला की परतीचे ७५. झाले २५०. हातात चाकू घेऊन तू सेकंदाला २५० युनिट पळतोस, म्हणजे तेवढ्या वेळात ६२ युनिट पुढे गेलास. तुझ्या शरीराची रुंदी ३२. तुझा नियम लावला तर तुझ्या छातीवर अचूक नेम धरूनही त्याची गोळी वाया जाणार, आणि त्याला तुझ्यापुढच्या रिकाम्या हवेत मारावं लागणार. क्वेकवर्ल्ड या जुन्या गेममध्ये लोक तसंच खेळायचे.

म्हणून सर्व्हर सगळ्यांच्या मागच्या जागा साठवून ठेवतो. गोळी आली की बाकीच्यांना २५० मिलिसेकंद मागच्या जागी उभं करतो, रेषा कुणाला लागते ते बघतो आणि परत जिथल्या तिथे ठेवतो. तुला त्रास होतो तो खरा आहे. तुझी स्वतःची हालचाल तुला लगेच दिसते, सर्व्हरला १० मिलिसेकंदांनी कळते आणि मेल्याची बातमी यायला आणखी १० लागतात. एकूण २७०, म्हणजे ६७ युनिट. तू भिंतीआड दोन माणसांएवढा आत असतोस.

हेडशॉट_ताई: एवढं गणित कशाला? टिकरेट, म्हणजे सर्व्हर सेकंदाला किती वेळा हिशोब करतो तो आकडा, ६६ वरून १२८ करा, प्रश्न मिटला.

टिकटिक: ताई, एक टिक १५ मिलिसेकंदांचा होता तो ८ चा होईल. २७० मधले सात गेले. पण तुमचा रोख अगदीच चुकीचा नाही. अपडेट दाट येत असतील तर ते १०० खाली आणता येतात. भावाने कन्सोलमध्ये हे टाकावं:

```
cl_updaterate 66
cl_interp_ratio 2
cl_interp 0
```

मग दोन अपडेटांचं अंतर राखलं जातं, साधारण ३० मिलिसेकंद. पॅकेट गळत असतील तर मात्र समोरचे खेळाडू धक्के खात चालताना दिसतील.

वऱ्हाडी_स्नायपर: म्हणजे गोळी लागली की नाही हे मारणाऱ्याचाच पीसी ठरवतो? मग चीटवाल्यांची चांदीच हो.

टिकटिक: नाही, त्याच्याकडून फक्त दिशा, बटणं आणि टिकचा आकडा येतो. निवाडा सर्व्हरचाच. `sv_cheats 1` करून `sv_showimpacts 1` लावा. लाल खूण क्लायंटच्या अंदाजाची, निळी सर्व्हरची. दोन्ही वेगळ्या पडल्या तर मानायची निळी. पण तुमची शंका पूर्ण फोल नाही. टिकचा आकडा आणि मोजलेला पिंग यांत ०.२ सेकंदांपर्यंत फरक असला तरी सर्व्हर आकड्यावर विश्वास ठेवतो. मुद्दाम जुना आकडा पाठवणारे बॅकट्रॅकवाले चीट तेवढ्याच फटीत घुसतात.

फ्रँकफुर्टचा_दादा: तो चुलतभाऊ मीच. बाळ्या, माझं पण ऐक. आपण समोरासमोर एकाच वेळी गोळी झाडली तर तुझी १० मिलिसेकंदांत पोचते, माझी ७५ मध्ये. तोवर सर्व्हरच्या लेखी मी मेलेलो असतो, म्हणून माझी गोळी धरतच नाहीत. माझ्या स्क्रीनवर तुझ्या डोक्यातून रक्त उडालेलं असतं! त्याची तक्रार मी कधी केली?

कोपऱ्यातला_बाळ्या: दादा, ते मान्य. पण त्यात तू तुझ्या पिंगमुळे मरतोस, आणि भिंतीआड मी मरतो तोही तुझ्याच पिंगमुळे. मी काय केलंय? काळ किती मागे न्यायचा त्याला निदान मर्यादा तरी घाला.

टिकटिक: मर्यादा आहेच, `sv_maxunlag`. डीफॉल्ट १ सेकंद, आणि ती माझ्याही मते फार सैल आहे. ०.२ करून बघ. त्याचे आत्ताचे २५० असतील तर ५० मिलिसेकंद त्याच्या अंगावर पडतील, म्हणजे पळणाऱ्याच्या १२ युनिट पुढे नेम.

हेडशॉट_ताई: ओव्हरवॉचमध्येही कौल मारणाऱ्याच्याच बाजूने असतो, पण निसटायची ॲबिलिटी वेळेत वापरली तर वाचणाऱ्याचं ऐकतात. इथे भिंतीला तसा मान का नाही?

टिकटिक: कारण ॲबिलिटी क्वचित वापरली जाते. भिंत तर दर दोन पावलांवर आहे. तिला मान दिला की जास्त पिंगवाल्याने कोपऱ्यावर कुणाला मारायचंच नाही.

फ्रँकफुर्टचा_दादा: इंटरपचा आकडा, म्हणजे ते १०० मिलिसेकंद, ३० वर आणला. १५० आणि ३० मिळून १८०, म्हणजे ०.२ ची मर्यादा मला लागतच नाही. घाल खुशाल.

कोपऱ्यातला_बाळ्या: घातली. पण १८० आणि माझे २० मिळून २०० होतातच की. ५० युनिट. अजून दीड माणूस भिंतीआड मरतोय मी.