मदत हवी आहे: सरांच्या पत्रात त्यांची चूक लिहावी का?

आमच्या गणिताच्या सरांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. येत्या रविवारी सांगलीत दहावीची बॅच जमतेय, तिथं त्यांना पत्र वाचून द्यायचंय. पहिला मसुदा पार मानपत्र झाला: 'ज्ञानसूर्य', 'शिल्पकार' वगैरे. सर ऐकता ऐकता झोपतील! सगळं खोडलं.

आता दोनच आठवणी ठेवल्यात. समरूप त्रिकोण शिकवताना सरांनी आम्हाला मैदानात नेलं. एक मीटरची काठी उभी केली, तिची सावली ८० सेंटिमीटर. लगेच नारळाची सावली मोजली, ९.६ मीटर. ९.६ भागिले ०.८, म्हणजे झाड १२ मीटर. "लगेच का मोजली?" हा त्यांचा खरा प्रश्न. ऊन सरकलं की सावली बदलते, मग गुणोत्तर चुकतं.

दुसरी आठवण अडचणीची. एकदा फळ्यावर सरांचंच चिन्ह चुकलं. मागच्या बाकावरच्या मुलीनं सांगितलं, तर खडू तिच्या हातात देऊन म्हणाले, "ये, तूच खोड." मला तरी हाच धडा सगळ्यात मोठा वाटतो. पण चारचौघांत, घरच्यांसमोर वाचलं तर त्यांना लागेल का? की ते फक्त हातात द्यायच्या प्रतीत ठेवू?

आणि मायना 'गुरुवर्य' की साधं 'आदरणीय सर'? समोर आम्ही नुसतं 'सर'च म्हणायचो.