मदत हवी आहे: मका आला, माणसं वाढली, मग आजारी का पडली?

खडूफळा
उद्या सकाळी वर्गात मांडायचं आहे, म्हणून घाईत लिहितोय. कोलंबसानंतर मका इकडे आला, एकरी धान्य वाढलं, माणसं वाढली, इथवर समजलं. पण त्याच मक्यामुळे लोकांना भयंकर आजार झाला असंही वाचलं. मेक्सिकोत हजारो वर्षं मकाच खातात, त्यांना होत नाही. मग इथेच का? लवकर सांगा.

रानवाट
"इकडे" म्हणजे भारतात की युरोपात? आजार कोणता? शतक कोणतं?

गोठा
मका जपूनच घालावा. आमची म्हैस एकदा भरड्याच्या पोत्यात तोंड घालून बसली, संध्याकाळपर्यंत पोट टम्म. डॉक्टर बोलवावा लागला.

खडूफळा
माणसांबद्दल विचारतोय हो. उत्तर इटली, अठरावं-एकोणिसावं शतक. आजार पेलाग्रा.

दाणावैरण
सोपं आहे, बुरशी. माझा कोंबडीखाद्याचा धंदा आहे, दमट मक्यात विष तयार होतं हे रोज बघतो. इटलीत लोम्ब्रोसो नावाच्या डॉक्टरांनीही सडका मका हेच कारण सांगितलं होतं.

सांजवात
दाणावैरण, बुरशीचं विष खरं आहे, पण पेलाग्रा त्याने होत नाही. लोम्ब्रोसो तिथेच चुकले.

आधी स्पेन बघा. अस्तुरियास भागात गास्पार कासाल या डॉक्टरांनी 1735 मध्ये हा आजार पाहिला. रुग्ण गरीब शेतकरी, रोजचं अन्न मका, मांस जवळजवळ नाहीच. उन्हाला उघड्या राहणाऱ्या कातडीवर चट्टे उठायचे, गळ्याभोवती तर कंठा घातल्यासारखा पट्टा. मग जुलाब, शेवटी भ्रम. इटलीतही तेच. शेतकरी गहू विकायचा किंवा मालकाला खंडात द्यायचा आणि स्वतः पोलेंटा खायचा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. हिवाळाभर तेवढंच पोटात गेलं की वसंतात ऊन वाढताच चट्टे दिसायचे. त्यामुळे बऱ्याच जणांना तो उन्हाचाच आजार वाटला.

मक्यात नायासिन हे जीवनसत्त्व असतं, पण बांधलेलं, आपल्या आतड्याला ते सोडवता येत नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवतात, त्याने ते सुटतं. जहाजातून दाणे आले, ही रीत आली नाही.

ह्यूस्टनकर
अगदी! मी घरी करते. सुका मका, तिप्पट पाणी, मक्याच्या वजनाच्या शंभराव्या भागाइतका खाण्याचा चुना. मंद आचेवर, साल बोटाने सुटेपर्यंत. रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी चोळून धुवायचा, मग वाटायचा. मेक्सिकोचं सगळं रहस्य चुन्यात आहे.

रानवाट
सगळं नाही. ते मक्याबरोबर घेवडा खातात, त्यातल्या प्रथिनातून शरीर थोडं नायासिन स्वतः बनवतं. 1990 च्या सुमारास मलावीत मोझांबिकच्या निर्वासितांमध्ये पेलाग्राची मोठी साथ आली. शिधा मक्याचा, त्यात शेंगदाणे मिळायचे. शेंगदाणे बंद झाले आणि हजारो लोक आजारी पडले. तिथे चुना आधीही नव्हता आणि नंतरही नव्हता.

ह्यूस्टनकर
पण मेक्सिकोतल्या ज्या गरिबाच्या ताटात घेवडाही जेमतेम असतो, त्यालाही हा आजार क्वचितच होतो. ते कशामुळे?

सांजवात
तुम्ही दोघी एकाच गोष्टीच्या दोन बाजू सांगताय. चुना मक्यातलं सोडवतो, घेवडा बाहेरून भर घालतो. कुणाचा वाटा किती, ते त्या माणसाच्या ताटात आणखी काय आहे यावर ठरतं. गोल्डबर्गर या अमेरिकी डॉक्टरांनी 1914 मध्ये मिसिसिपीतल्या अनाथाश्रमांत दूध, अंडी, मांस, शेंगा वाढवल्या आणि पेलाग्रा गेला. चुन्याचा तिथे संबंध नव्हता. नेमकं द्रव्य मात्र 1937 मध्ये कळलं.

पाटावरवंटा
शेंगदाणाही अमेरिकेतलाच बरं का. मिरची, बटाटा, टोमॅटोसुद्धा. म्हणजे आपला ठेचा पाचशे वर्षांच्या आतलाच.

खडूफळा
ठेचा राहू द्या. लोकसंख्या मक्यामुळेच वाढली असं लिहू का?

सांजवात
"मक्यामुळेच" लिहू नका. गव्हापेक्षा एकरी जास्त धान्य मिळाल्याने जास्त माणसं तगली, एवढं नक्की. पण जमीन, खंड, रोगराई हेही होतंच. मुलांना हे दाखवा, की पोट भरलं तरी माणूस कुपोषित राहू शकतो. 1881 च्या सुमारास इटलीत पेलाग्राचे रुग्ण लाखाच्या आसपास मोजले गेले, म्हणजे मका रुजून दोन शतकं उलटल्यावर.

दाणावैरण
मग आमची ज्वारी? आजोबा जन्मभर भाकरीवर जगले.

सांजवात
प्रश्न चांगला आहे. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा दिसला होता. हैदराबादला गोपालन आणि श्रीकांतिया या संशोधकांनी 1960 मध्ये ज्वारीच्या प्रथिनातल्या ल्युसिन या घटकाच्या जास्त प्रमाणाकडे बोट दाखवलं. पुढे सगळ्यांनी ते मान्य केलं नाही. आजोबा भाकरीबरोबर काय खायचे?

दाणावैरण
डाळ, ताक, हिवाळ्यात हुरडा. आईला विचारून सांगतो.